धागा: चार शुद्धिपत्रकं, त्यात दोन मुदतवाढी – बोलीदारांसाठी ‘आजची स्थिती’ एका पानात कशी बसवायची?

टपालखिडकी | शनिवार, 5 जुलै 2025, सकाळी 9.40

कंत्राटदारांच्या गटासाठी एका नळपाणी योजनेच्या निविदेचं टिपण करायचं काम माझ्याकडे आहे. निविदा महाटेंडर्सवर आहे, बी-1 नमुना, टक्केवारीची. कचेरीचं नाव देत नाही. आतापर्यंत जे झालं ते असं:

मूळ सूचना 3 जून. निविदापूर्व बैठक 10 जून. बोली सादर करायची मुदत 24 जून सायं. 5, उघडणार 26 जून दुपारी 3.

13 जून: मुदत 1 जुलै, उघडणार 3 जुलै.

20 जून: सीएसडी आली, म्हणजे मूळ अटींतल्या बदलांची यादी, सोबत सुधारित बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबींचं परिमाणपत्रक. निविदा किंमत 4 कोटी 20 लाखांची 4 कोटी 38 लाख. इसारा रक्कम 4,20,000 ची 4,38,000. अ.क्र. 6 मध्ये दोन भागीदारांपर्यंत जॉइंट व्हेंचर चालेल असं म्हटलंय. मूळ निविदेत ते चालत नव्हतं.

30 जून: पुन्हा मुदतवाढ. पोर्टलवर 8 जुलै सायं. 5, आणि जोडलेल्या पीडीएफमध्ये 7 जुलै सायं. 5.

4 जुलै, म्हणजे काल: ‘शुद्धिपत्रक क्र. 1 मधील अ.क्र. 6 रद्द समजावा. इतर सर्व अटी व शर्ती कायम राहतील.’

मी चार शुद्धिपत्रकांचा चार ओळींचा तक्ता करून ग्रुपवर टाकला. त्यावर सकाळपासून फोन चालू आहेत आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: ‘मग आता नक्की काय?’ तक्ता बरोबर आहे, तरी उपयोग होत नाही. कुठे चुकतंय?

---

साईटवरून | सकाळी 9.58

एवढं कशाला? शेवटचं शुद्धिपत्रक उघडायचं, त्यात असेल ते खरं. आधीचं सगळं रद्दी. आम्ही तेच करतो.

---

मोजमापपुस्तिका | सकाळी 10.25

साईटवरून, अर्धं बरोबर आहे. नंतरचं शुद्धिपत्रक आधीच्यावर मात करतं, पण ज्या कलमाला ते हात लावतं तेवढ्यापुरतंच. कालच्या कागदाने फक्त जॉइंट व्हेंचरला हात लावलाय. तो एकच वाचला तर इसारा रक्कम 4,20,000 च आहे असं वाटेल, आणि बीओक्यू बदलली हे कळणारच नाही. ‘इतर सर्व अटी कायम’ याचा अर्थ मूळ निविदेतल्या अटी कायम असा नाही. आजवरच्या दुरुस्त्या धरून ज्या अटी उभ्या आहेत, त्या कायम.

टपालखिडकी, तुमचा तक्ता इतिहास सांगतो. कोणत्या दिवशी काय आलं हे त्यात आहे. बोलीदार मात्र कलमाकडून येतो. त्याला विचारायचं असतं, ‘इसारा किती?’ तुमच्या तक्त्यात त्याला चारही ओळी वाचून उत्तर स्वतः काढावं लागतं. म्हणून दोन वेगळे कागद ठेवा. एक नोंदवही, ती तुमच्यापाशी: आलेला प्रत्येक बदल एका ओळीत. दुसरं टिपण, ते ग्रुपवर: प्रत्येक कलमाची फक्त आजची स्थिती आणि ती कुठून आली याचा पत्ता. नोंदवही तारखेच्या क्रमाने लावा, टिपण कलमाच्या क्रमाने.

आणि नोंदवहीत ओळ म्हणजे शुद्धिपत्रक नव्हे. 20 तारखेच्या एका कागदात समजा नऊ बदल असतील तर नऊ ओळी. तुम्ही चार ओळींत बसवलंत तिथेच गाडी घसरली.

---

टपालखिडकी | सकाळी 10.41

पटलं. पण एक गोची. काल जे ‘शुद्धिपत्रक क्र. 1 मधील अ.क्र. 6’ म्हटलंय, पोर्टलवर पहिलं शुद्धिपत्रक तर 13 जूनचं मुदतवाढीचं आहे. त्यात अ.क्र. 6 नाहीच.

---

कारकुंडा | सकाळी 11.02

ही गडबड कचेरीच्या बाजूने कशी होते ते सांगतो. कचेरीच्या फाइलीत मुदतवाढीचा क्रम वेगळा चालतो आणि शुद्धिपत्रकाचा वेगळा. 13 जूनच्या पीडीएफचा मथळा बघा, ‘मुदतवाढ क्र. 1’ असेल. 20 जूनची ‘शुद्धिपत्रक क्र. 1’, 30 ची ‘मुदतवाढ क्र. 2’, कालची ‘शुद्धिपत्रक क्र. 2’. पोर्टलला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी चारही कॉरिजेंडम, आले त्या ओळीने. त्यामुळे कालच्या कागदातलं ‘क्र. 1’ म्हणजे पोर्टलवरचं दुसरं.

टिपणात ‘शुद्धिपत्रक 1’, ‘शुद्धिपत्रक 2’ असं लिहूच नका. ‘20 जूनचे शुद्धिपत्रक, अ.क्र. 6’ असं लिहा. एकाच दिवशी दोन आली तर वेळही लिहा. तारीख दोन्हीकडे सारखीच असते, क्रमांक नसतो.

फाइलीही त्याच धर्तीवर साठवा. पोर्टलवरून उतरवलेल्या पीडीएफची नावं इतकी सारखी असतात की आठवड्याने कोणती कुठली ते कळत नाही. माझी पद्धत:

```
2025-06-13_mudatvadh-1.pdf
2025-06-20_shuddhipatrak-1_CSD.pdf
2025-06-30_mudatvadh-2.pdf
2025-07-04_shuddhipatrak-2.pdf
```

बीओक्यूच्या फाइलीला मात्र हे लावू नका. भरून चढवायची बीओक्यू पोर्टलने दिलेल्या नावानेच चढवायची असते, नाव बदललं की अडते. तिची अभ्यासाची प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवा, मूळ फाइलीला बोट लावू नका.

---

नवखा_पुरवठादार | सकाळी 11.10

जेमवर बिडची तारीख वाढवायला खरेदीदाराला विनंती कशी करायची? आमची कागदपत्रं अजून झाली नाहीत.

---

कारकुंडा | सकाळी 11.14

इथे मुदत वाढवून घ्यायचा विषय नाही, वाढलेल्या मुदतीची नोंद कशी ठेवायची हा आहे. जेमचं सगळंच वेगळं, त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, तिथे सांगू.

---

मोजमापपुस्तिका | सकाळी 11.35

आता तारखांकडे. टपालखिडकी, निविदेच्या पानावर जाऊन `Critical Dates` चा भाग उघडा आणि त्यातल्या सगळ्या तारखा उतरवा, फक्त शेवटची नको. पानावर चालू तारखाच दिसतात. आज उतरवल्या नाहीत तर पुढच्या मुदतवाढीनंतर काय बदललं आणि काय तसंच राहिलं हे शोधत बसावं लागेल. `Document Download / Sale End Date`, `Clarification End Date`, `Bid Submission End Date`, `Bid Opening Date`, चारही.

30 जूनच्या पीडीएफमध्ये निविदा उघडण्याची तारीख काय आहे?

---

टपालखिडकी | सकाळी 11.52

बघितलं. पीडीएफमध्ये उघडण्याची तारीख 3 जुलै! म्हणजे सादर करायची मुदत 7 जुलै आणि उघडणार त्याच्या चार दिवस आधी. पोर्टलवर 9 जुलै दुपारी 3 आहे. शंका विचारण्याची शेवटची तारीख पोर्टलवर अजून 12 जूनच आहे.

---

मोजमापपुस्तिका | दुपारी 12.20

झालं काय ते दिसतंय. मागच्या मुदतवाढीच्या पत्रावरच नवीन पत्र टाइप केलं, एक तारीख बदलली, दुसरी राहिली. पोर्टल तसं करू देत नाही, उघडण्याची तारीख मुदतीच्या आधीची घेतच नाही. म्हणून तिथे ती सरळ आहे. ही 3 तारीख टिपणात ‘पत्रातली चूक’ म्हणून एका ओळीत नोंदवा, तिच्यावर जास्त वेळ घालवू नका.

7 की 8 हा खरा प्रश्न आहे. कुलूप पोर्टलच्या घड्याळाने लागतं. पानाच्या वर सर्व्हरची वेळ दिसते, तीच खरी. त्यामुळे 8 ला सायंकाळी 5 पर्यंत बोली आत जाईल, यात शंका नाही. पण सही असलेला कागद 7 म्हणतोय, आणि उद्या कोणी हरकत घेतली तर तोच कागद टेबलावर येईल. कोणती तारीख कायद्याने वरचढ हे टिपण लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. त्याने दोन्ही तारखा लिहायच्या आणि बोलीदाराला दोन्हीकडून वाचवेल असा वापर सांगायचा.

तो वापर असा: सादर करायला आधीची तारीख धरा, वैधता मोजायला नंतरची. बोली 7 ला सायंकाळी 5 च्या आत चढवा. बँक गॅरंटी, बोलीची वैधता वगैरे 8 पासून मोजा. मग कचेरीने कोणतीही तारीख कायम केली तरी तुमचं काही उणं पडत नाही.

---

हिशेबनीस | दुपारी 12.48

वैधतेवर बोलतो, कारण मुदतवाढीत सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात. शुद्धिपत्रकात एकच तारीख बदललेली असते, पण त्या तारखेला बांधलेल्या तीन-चार गोष्टी न सांगता सरकतात. टपालखिडकी, बोलीची वैधता किती दिवस आणि गॅरंटी त्यापुढे किती दिवस हवी?

---

टपालखिडकी | दुपारी 12.55

वैधता सादर करण्याच्या अंतिम दिनांकापासून 120 दिवस. इसाऱ्याची गॅरंटी वैधता संपल्यावर आणखी 45 दिवस. अनुभव निविदा सूचना ज्या महिन्यात प्रसिद्ध झाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरपर्यंतची 7 वर्षं. नोंदणी प्रमाणपत्र ‘सादर करण्याच्या अंतिम दिनांकास वैध’. उलाढाल निविदा किमतीच्या 30 टक्के, एकाच स्वरूपाचं एक काम 40 टक्क्यांचं.

---

हिशेबनीस | दुपारी 1.30

मग मोजू.

मूळ मुदत 24 जून. त्यात 120 दिवस म्हणजे 22 ऑक्टोबर. पुढे 45 दिवस म्हणजे 6 डिसेंबर. जूनमध्येच बँकेत जाऊन गॅरंटी काढलेल्या हुशार माणसाच्या कागदावर 6 डिसेंबर 2025 आहे.

आता मुदत 8 जुलै धरा. 120 दिवस म्हणजे 5 नोव्हेंबर, आणखी 45 म्हणजे 20 डिसेंबर. त्याची गॅरंटी 14 दिवस कमी पडते. शुद्धिपत्रकात गॅरंटीबद्दल एक अक्षर नाही. लिफाफा उघडल्यावर छाननीत कारकून तारखा मोजतो तेव्हाच हे बाहेर येतं, आणि तेव्हा काही करता येत नाही. शिवाय रक्कमही 4,20,000 ची 4,38,000 झालीय, म्हणजे रक्कम आणि तारीख या दोन्हींची दुरुस्ती बँकेकडून एकदमच घ्यावी. आज महिन्यातला पहिला शनिवार, बँका चालू आहेत. उद्या रविवार, त्यात आषाढी.

नोंदणीचंही बघा. ज्याचं प्रमाणपत्र 30 जूनपर्यंत होतं तो 24 जूनच्या मुदतीत बसत होता. आता मुदत जुलैत गेली, नूतनीकरण झालं नसेल तर तो बसत नाही. इथे मुदतवाढीने सवलत मिळाली नाही, उलट अडचण आली.

अनुभवाची खिडकी मात्र सरकत नाही, कारण ती सूचना प्रसिद्ध झाल्याच्या महिन्याला बांधली आहे. ती 31 मे 2025 लाच संपते, मुदत कितीही वाढो. तीच अट ‘सादर करण्याच्या दिनांकाच्या आधीच्या महिन्याअखेर’ अशी असती तर जून ओलांडून जुलैत गेल्यावर ती 30 जूनवर आली असती. एक शब्द इकडचा तिकडे. म्हणून टिपणात सरकलेल्या गोष्टींबरोबर न सरकलेल्याही लिहा, नाहीतर लोक आपल्या अंदाजाने सरकवतात.

---

साईटवरून | दुपारी 1.44

इसारा ऑनलाइन भरून झालाय 4,20,000. आता वरचे 18,000 कुठे भरायचे?

---

हिशेबनीस | दुपारी 1.52

हे मी नक्की सांगणार नाही. 20 जूनच्या कागदात फरक कसा भरायचा ते लिहिलंय का ते बघा. नसेल तर ज्या कचेरीची निविदा तिच्याकडूनच लेखी घ्या. तुमच्या मनाने डिमांड ड्राफ्ट काढून लिफाफ्यात स्कॅन टाकू नका.

---

टपालखिडकी | दुपारी 2.05

त्या कागदात रक्कम बदलल्याचं आहे, फरकाचं काही नाही.

आणखी एक. 20 जूनच्या कागदात निविदा किंमत आणि इसारा बदलल्याचं आहे, उलाढालीबद्दल काही नाही. ती बदलली की नाही?

---

मोजमापपुस्तिका | दुपारी 2.30

मूळ निविदेत उलाढालीपुढे फक्त ‘30 टक्के’ आहे, की रुपयातला आकडाही?

---

टपालखिडकी | दुपारी 2.33

पात्रतेच्या कलमात 30 टक्के. पण पुढे जोडपत्रात ‘किमान रु. 1,26,00,000’ असं छापलंय. एका कामाच्या अनुभवाचं फक्त 40 टक्के, आकडा नाही.

---

मोजमापपुस्तिका | दुपारी 3.05

मग दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टिपणात वेगळ्याच ठेवा.

एका कामाचा अनुभव: टक्का किमतीवर, किंमत बदलली, म्हणजे आकडा आपोआप बदलला. 1 कोटी 68 लाख होता, तो 1 कोटी 75 लाख 20 हजार झाला. यात वाद नाही. पण बोलीदाराला हे कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे 1 कोटी 70 लाखांच्या कामाचा दाखला घेऊन तो निश्चिंत बसलेला असतो. टिपणात यापुढे ‘हिशेबाने’ असा शेरा मारा, म्हणजे हा आकडा कुठल्याही शुद्धिपत्रकात छापलेला नाही, आपण काढला आहे, हे वाचणाऱ्याला कळेल.

उलाढाल: कलमाने 1 कोटी 31 लाख 40 हजार, जोडपत्राने अजून 1 कोटी 26 लाख. इथे निकाल देऊ नका. दोन्ही आकडे लिहा, ‘खुलासा मागितला’ असं लिहा, आणि ज्याची उलाढाल या दोन आकड्यांच्या मध्ये येते त्याने स्वतः कचेरीला विचारावं असं सांगा. बाकीच्यांना फरक पडत नाही. ग्रुपवर असे दोन-तीन जणच असतील.

टिपणातल्या नोंदी तीनच जातीच्या: छापील, हिशेबाने, आणि संदिग्ध. या तीन जाती वेगळ्या न दिसल्या तर टिपण मूळ निविदेपेक्षा घातक, कारण ते वाचायला सोपं असतं आणि लोक त्याच्यावरच विसंबतात.

---

साईटवरून | दुपारी 3.20

जॉइंट व्हेंचरचं काय मग? अ.क्र. 6 रद्द म्हणजे तो मुद्दाच उडाला. निविदेत त्याबद्दल काही राहिलं नाही, म्हणजे चालेल.

---

कारकुंडा | दुपारी 3.38

नाही हो. रद्द झाली ती दुरुस्ती, मूळ कलम नव्हे. दुरुस्ती गेली की मूळ कलम जागेवर येतं, आणि ते ‘चालणार नाही’ म्हणतं. कचेरीचा हेतूही तोच दिसतो.

---

मोजमापपुस्तिका | दुपारी 4.00

हेतू तोच असावा, पण 20 जूनच्या अ.क्र. 6 चे शब्द तपासा. ‘कलम अमुक मध्ये पुढीलप्रमाणे सुधारणा’ असं असेल तर कारकुंडा म्हणतात ते सरळ लागू. ‘कलम अमुक वगळून त्याऐवजी’ असं असेल तर मूळ कलम तेव्हाच वगळलं गेलं आणि आता त्याऐवजीचंही रद्द झालं, असा युक्तिवाद करणारा कोणीतरी निघतोच.

---

टपालखिडकी | दुपारी 4.12

‘वगळून त्याऐवजी’ आहे.

---

कारकुंडा | दुपारी 4.20

तरी मी माझ्या मतावर ठाम. शेवटी छाननी करणारा सगळी मालिका वाचतो.

---

मोजमापपुस्तिका | दुपारी 4.31

तुमचं मत व्यवहारात बरोबर ठरेलही. टिपणात मात्र ‘संदिग्ध; चालत नाही असे धरून तयारी करावी’ एवढंच जावं.

खुलाशाचंही लक्षात घ्या. पोर्टलवरची शंकेची खिडकी 12 जूनलाच बंद झाली, मुदतवाढीबरोबर ती वाढवलेली नाही. म्हणून पत्र किंवा ईमेल कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीला, निविदा क्रमांक आणि कलम घालून, एका मुद्द्याला एक प्रश्न. शनिवार-रविवार कचेरी बंद. सोमवारी सकाळी मिळेल आणि सोमवारीच 5 ला त्यांच्या पत्रानुसार मुदत संपतेय. फोनवर मिळालेलं उत्तर टिपणात घालू नका. कोणी कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी पोर्टलवर चढेपर्यंत तो बदल नाही.

---

टपालखिडकी | सायं. 5.15

बीओक्यूमध्ये बदल शोधायला काही सोपी युक्ती? 96 बाबी आहेत. सीएसडीत ‘सुधारित बीओक्यू जोडली आहे’ एवढंच.

---

मोजमापपुस्तिका | सायं. 5.50

दोन्हीतली वर्णनं, परिमाण, एकक आणि दर नवीन फाइलीत `Paste Values` ने उतरवा, एक पत्रक ‘जुना’, एक ‘नवा’. ओळीसमोर ओळ ताडू नका. मध्ये एक बाब घुसली की खालचं सगळं एका ओळीने सरकतं आणि सगळंच बदललेलं दिसतं. वर्णनावरून शोधा. पण वर्णन जसंच्या तसं `VLOOKUP` ला दिलं तर दोन खड्डे आहेत.

पहिला: शोधायचा मजकूर 255 अक्षरांपेक्षा मोठा असला की ते सूत्र चूक दाखवतं. दरसूचीतली वर्णनं त्याहून लांब असतात. त्यावर लोक `IFERROR` लावून ‘नवी बाब’ लिहितात, आणि मग प्रत्येक लांब बाब नवीच दिसते.

दुसरा: म्हणून पहिली 200 अक्षरं घेतली तर पाइपच्या सगळ्या बाबी एकसारख्या होतात. वर्णनाची सुरुवात तीच, व्यास आणि दाबाचा वर्ग शेवटी. म्हणून शेपूट घ्या. `B` रकान्यात वर्णन असेल तर दोन्ही पत्रकांत `F` मध्ये हे:

```
=RIGHT(TRIM(B2),200)
```

आणि ‘नवा’ पत्रकात, परिमाण `C` मध्ये असेल तर:

```
=IFERROR(C2-INDEX('जुना'!C:C,MATCH(F2,'जुना'!F:F,0)),"सापडत नाही")
```

शून्य आलं तर परिमाण तेच. आकडा आला तर वाढ-घट. ‘सापडत नाही’ आलं तर बाब नवी किंवा तिचं वर्णन बदललं. हेच उलट्या बाजूने ‘जुना’ पत्रकातही चालवा, नाहीतर गाळलेली बाब कळणार नाही. दरासाठीही हेच सूत्र, रकाना बदलून. एकच वर्णन दोन ठिकाणी असेल, उदाहरणार्थ खोदाई दोन भागांत, तर सूत्र पहिलीच पकडतं. त्या ओळी डोळ्यांनी बघा.

---

टपालखिडकी | रात्री 8.40

केलं. तीन ठिकाणी फरक. 160 मिमी एचडीपीई पाइप: जुन्यात पीएन 6, 2400 मीटर. नव्यात ती बाब ‘सापडत नाही’, आणि तिथे पीएन 10, 3150 मीटर आहे. नुसतं परिमाण ताडलं असतं तर 750 मीटर वाढ एवढंच लिहिलं असतं, दाबाचा वर्ग सुटला असता. बाकी व्हॉल्व्ह चेंबर 11 चे 14, आणि रस्ता पूर्ववत करण्याची एक नवी बाब.

---

साईटवरून | रात्री 8.55

आम्ही 23 जूनलाच बोली भरून टाकलीय, जुन्याच बीओक्यूवर. पोर्टलवर चढलेली दिसतेय. मागे घेऊन नवी टाकतो.

---

कारकुंडा | रात्री 9.01

थांबा!! मागे घेऊ नका. मागे घेतली की त्या निविदेत पुन्हा बोली टाकता येत नाही. मुदतीच्या आत पुन्हा सादर करायची, नवीन बीओक्यू उतरवून, त्यात टक्का भरून. ती हवी तितक्या वेळा करता येते, शेवटची धरतात. आणि टक्का तोच ठेवायचा का याचा विचार करा. 4 कोटी 20 लाखांवरचे 5 टक्के कमी आणि 4 कोटी 38 लाखांवरचे 5 टक्के कमी हे एकच नाही, पाइपचा भाव त्यात बसलाय की नाही ते बघून ठरवा.

सीएसडीवर सही करून लिफाफा क्र. 1 मध्ये टाकायची अट निविदेत आहे का तेही पाहा. असेल तर शुद्धिपत्रकंही त्याच फाइलीत.

---

टपालखिडकी | रविवार, 6 जुलै, सकाळी 8.10

टिपण असं केलंय. सांगा.

> आजची स्थिती. रविवार 6 जुलै 2025, सकाळी 7.30 ला पोर्टल पाहून. तोवर चार शुद्धिपत्रके: 13, 20, 30 जून, 4 जुलै. यापूर्वी ग्रुपवर टाकलेला तक्ता वापरू नये. हे टिपण निविदेचा भाग नाही.
>
> सादर करणे: पोर्टल 8 जुलै सायं. 5, पत्र 7 जुलै सायं. 5 (दोन्ही 30 जून). संदिग्ध. 7 ला 5 च्या आत चढवा.
>
> उघडणे: 9 जुलै दुपारी 3 (पोर्टल). पत्रातील 3 जुलै ही चूक.
>
> निविदा किंमत: 4,38,00,000. इसारा: 4,38,000 (20 जून). छापील. आधी 4,20,000 भरलेल्यांनी फरक कसा भरायचा: खुलासा मागितला.
>
> बोलीची वैधता: 5 नोव्हेंबर 2025 पर्यंत. इसाऱ्याची गॅरंटी: किमान 20 डिसेंबर 2025. हिशेबाने, 8 जुलै धरून.
>
> एका कामाचा अनुभव: 1,75,20,000. हिशेबाने. कालावधी 31 मे 2025 अखेर, बदल नाही.
>
> उलाढाल: 1,31,40,000 की 1,26,00,000: संदिग्ध, खुलासा मागितला.
>
> जॉइंट व्हेंचर: 20 जूनला परवानगी, 4 जुलैला रद्द. संदिग्ध. चालत नाही असे धरा.
>
> बीओक्यू: 20 जूनची. पाइप 160 मिमी पीएन 10, 3150 मी.; व्हॉल्व्ह चेंबर 14; रस्ता पूर्ववत, नवी बाब. जुन्यावर बोली सादर केली असल्यास पुन्हा सादर करा, मागे घेऊ नका.

---

मोजमापपुस्तिका | सकाळी 9.30

चांगलं आहे. नोंदणी प्रमाणपत्राची ओळ राहिली, ‘8 जुलैला वैध हवे’. आणि प्रत्येक कलमापुढे मूळ निविदेचा पान क्रमांक घाला, शंका आली तर माणूस तुम्हाला फोन करण्याऐवजी पान उघडेल.

ग्रुपवर मजकूर म्हणून टाकू नका. तो पुढे जाताना वरची तारीख-वेळेची ओळ कापली जाते आणि आठवड्याने तेच टिपण ‘ताजं’ म्हणून परत येतं. पीडीएफ करा, नावातच तारीख-वेळ घाला. निविदा पोर्टलवर ‘फेव्हरिट’मध्ये टाकून ठेवा, शुद्धिपत्रक आलं की मेल येतो. पण मेलवर विसंबू नका. शेवटच्या दोन दिवसांत सकाळ-दुपार पान स्वतः उघडा.

---

टपालखिडकी | सोमवार, 7 जुलै, दुपारी 2.25

दुपारी 1.50 ला पाचवं शुद्धिपत्रक चढलं. ‘मुदतवाढ क्र. 2 मध्ये 7/7/2025 ऐवजी 8/7/2025 व 3/7/2025 ऐवजी 9/7/2025 वाचावे.’ एवढंच. उलाढाल, जॉइंट व्हेंचर, इसाऱ्याचा फरक यावर काही नाही. तारखांच्या दोन ओळी ‘छापील’ केल्या, ‘7 ला चढवा’ काढलं, बाकी संदिग्ध तसंच ठेवलं. नवी पीडीएफ 2.20 ला टाकली.

---

साईटवरून | दुपारी 2.40

आम्ही पुन्हा सादर केलं. 18,000 चं काय ते अजून कोणी सांगत नाही. कचेरीत माणूस पाठवलाय.

---

हिशेबनीस | दुपारी 2.58

लेखी घेऊन या म्हणावं. आणि कागदावर आवक क्रमांक पडला का तेही बघायला सांगा.